दोघंही म्हणतात ‘महिना सहाशे’ : अकरा महिन्यांच्या भाडेकरारात नेटचा खरा खर्च कसा काढायचा

पुण्यात भाड्याने राहणाऱ्याचं वर्ष अकरा महिन्यांचं असतं. लिव्ह अँड लायसन्सचा करार बहुधा तेवढ्याचाच होतो, आणि त्यातही एक महिन्याची नोटीस देऊन मध्येच घर सोडायची मुभा बहुतेक करारांत असते. ब्रॉडबँडचे प्लॅन मात्र बऱ्याचदा बारा, चौदा, कधी पंधरा महिन्यांच्या हिशोबाने विकले जातात. जाहिरातीतला ‘दरमहा फक्त इतके’ हा आकडा याच जास्तीच्या महिन्यांनी भागून आलेला असतो. म्हणून दोन प्लॅनची तुलना करताना पहिला प्रश्न पैशांचा नाही, महिन्यांचा विचारायचा : या घरात हे कनेक्शन मी नक्की किती महिने वापरणार?

हिशोबाची रीत एका ओळीत सांगता येते. त्या काळात खिशातून जे पैसे जातील आणि परत येणार नाहीत, त्यांची बेरीज करायची आणि ती आपण खरोखर वापरणार त्या महिन्यांनी भागायची. बेरजेत काय धरायचं आणि काय नाही, हे कळलं की बाकी काम शाळेतल्या गणिताचं आहे.

माझी भाची आणि तिची मैत्रीण यंदा वाकडला टू बीएचकेत राहायला आल्या. तिचा फोन आला, “मावशी, सोसायटीत दोनच जण नेट देतात आणि दोघंही सहाशेच म्हणतात. मग कुठलंही घेतलं तरी काय फरक?” फरक होता, आणि तो बराच होता. तिचीच दोन कोटेशनं इथे घेते. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून थोडे गोल केले आहेत.

दोन कोटेशनं

पहिलं कोटेशन त्या भागातल्या केबलवाल्याचं. १०० एमबीपीएस, महिन्याला ६०० रुपये अधिक जीएसटी. पहिले तीन महिने महिन्याला २०० रुपये सूट. इन्स्टॉलेशन १,००० अधिक जीएसटी. राउटर २,४०० रुपयांचा, करासकट. तो बारा हप्त्यांत, दर महिन्याच्या बिलात २०० रुपये लावून. कनेक्शन आधी बंद केलं तर राहिलेले हप्ते एकदम भरायचे.

दुसरं मोठ्या कंपनीचं. १५० एमबीपीएस, महिन्याला ७०० अधिक जीएसटी, पण बारा महिन्यांचे पैसे एकदम भरले तर दोन महिने फुकट. म्हणजे ८,४०० रुपयांत चौदा महिने. भागाकार केला की जाहिरातीतले ६०० येतात. इन्स्टॉलेशन फुकट, राउटर वापरायला फुकट, त्यासाठी १,००० रुपये डिपॉझिट, ते परत मिळणारं.

पायरी पहिली : शेवटचा आकडा लिहून घ्या

टेलिकॉम सेवेवर १८ टक्के जीएसटी आहे आणि ब्रॉडबँडच्या जाहिरातीत तो बहुतेक वेळा धरलेला नसतो. सहाशेचे ७०८ होतात. सूट करापूर्वीच्या रकमेतून जाते, म्हणून सूट असलेल्या महिन्यांत बिल ४०० वर कर धरून ४७२ येतं. इन्स्टॉलेशनचे हजार ११८० होतात. मोठ्या कंपनीचे ८,४०० खिशातून जाताना ९,९१२ असतात.

केबलवाल्याकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं : “ताई, रोख दिले तर जीएसटी लावत नाही.” ऐकायला बरं वाटतं, पण मग हातात नीट बिल येत नाही. ज्यांची कंपनी घरच्या नेटचे पैसे परत देते, आणि हिंजवडी-खराडीत काम करणाऱ्या बऱ्याच जणांना ती सोय असते, त्यांना स्वतःच्या नावाचं कर-बिल लागतं. शिवाय पुढे डिपॉझिट किंवा भरलेल्या पैशांवरून वाद झाला, तर दाखवायला कागद हवा. बिलाच्या बदल्यात मिळणारी ही सूट मी हिशोबात धरत नाही आणि तुम्हीही धरू नका.

तर व्हॉट्सॲपवर एकच प्रश्न पाठवायचा : “कर, वायर, इन्स्टॉलेशन सगळं धरून पहिल्या दिवशी मी किती देणार, आणि चौथ्या महिन्याचं बिल किती येणार?” चौथा महिना मुद्दाम विचारायचा, कारण सूट तोवर संपलेली असते. वायर किती मीटरपर्यंत फुकट हेही त्यातच विचारून घ्या. इमारतीतल्या वायरींच्या शाफ्टपासून फ्लॅट लांब असला, तर पुढच्या वायरचे पैसे तंत्रज्ञ दारात आल्यावर सांगतो, आणि तोवर तुम्ही सुट्टी टाकून बसलेले असता.

पायरी दुसरी : परत येणारे आणि न येणारे पैसे वेगळे करा

डिपॉझिट हा खर्च नाही. ते परत येणार असेल तर बेरजेत धरू नका, नाहीतर प्रामाणिकपणे डिपॉझिट घेणारा प्लॅन उगाच महाग दिसतो. पण ते बाजूला लिहून ठेवा, कारण ते बुडालं तर अकरा महिन्यांत महिन्याला ९१ रुपयांनी प्लॅन महागतो.

इन्स्टॉलेशन पूर्ण खर्च आहे. ते कधीच परत येत नाही आणि घर बदललं की पुन्हा द्यावं लागतं. ओटीटीची भेट फक्त तेव्हाच वजा करायची, जेव्हा तेच ॲप तुम्ही एरवी पदरचे पैसे देऊन घेत होता आणि आता ते बंद करणार आहात. ‘९९९ रुपये किमतीचं सबस्क्रिप्शन मोफत’ म्हणजे तुमचे ९९९ वाचले असं नव्हे.

आगाऊ भरलेल्या पैशांवरच्या व्याजाचाही प्रश्न काहीजण काढतात. ९,९१२ रुपये एफडीत ठेवले असते तर, वगैरे. सात टक्क्यांनी, पैसे हळूहळू वापरले जातात हे धरून, महिन्याला तीसेक रुपयांचा मामला होतो. तो सोडून दिला तरी चालेल. आगाऊ पैशांत खरी जोखीम वेगळी आहे. सेवा वाईट निघाली किंवा घर सोडावं लागलं, तर तुम्ही अडकलेले असता. ती जोखीम पुढच्या पायरीत महिन्यांच्या आकड्यातून आपोआप दिसते.

पायरी तिसरी : भागाकार आपल्या महिन्यांनी

आता अकरा महिन्यांचा हिशोब मांडू. केबलवाल्याचे पहिले तीन महिने ४७२ प्रमाणे १,४१६. उरलेले आठ महिने ७०८ प्रमाणे ५,६६४. इन्स्टॉलेशन १,१८०. राउटरचे २,४००, कारण अकराव्या महिन्यात निघालं तरी शेवटचा हप्ता भरावाच लागतो. एकूण १०,६६०. अकराने भागले की महिन्याला ९६९ रुपये.

मोठ्या कंपनीचे ९,९१२ भागिले अकरा, म्हणजे महिन्याला ९०१ रुपये. डिपॉझिट परत मिळेल असं धरून.

सहाशे आणि सहाशे म्हणून सुरू झालेले प्लॅन ९६९ आणि ९०१ वर आले. दोन फुकट महिन्यांचा भाचीला काहीच उपयोग नव्हता, कारण बाराव्या महिन्यात ती त्या घरात नसणार. तरीही मोठी कंपनी स्वस्त पडली, ती इन्स्टॉलेशन आणि राउटर वाचल्यामुळे.

इथे थांबू नका. अकराऐवजी सहा घालून पाहा. केबलवाल्याचे होतात ७,१२०, म्हणजे महिन्याला साधारण १,१८७. मोठ्या कंपनीचे तेच ९,९१२, म्हणजे महिन्याला १,६५२. सहा महिन्यांत घर सोडलं तर चित्र पार उलटतं. दोन्ही बेरजा कुठे भेटतात हे पाहायला एकेक महिना वाढवत जा : नवव्या महिन्याअखेर केबलवाल्याकडे एकूण ९,२४४ गेलेले असतात, दहाव्याअखेर ९,९५२. म्हणजे दहा महिन्यांच्या आत निघायचं असेल तर केबलवाला, त्यापुढे राहायचं असेल तर मोठी कंपनी. हा ‘भेटण्याचा महिना’ मला महिन्याच्या खर्चापेक्षाही जास्त उपयोगी वाटतो. आपण किती दिवस राहू हे नेमकं सांगता येत नाही, पण दहा महिन्यांच्या आत निघायची शक्यता आहे का, याचं उत्तर बहुतेकांकडे असतं. नोकरीत बदली दिसतेय का, लग्न ठरतंय का, मैत्रीण नोटीस देण्याच्या विचारात आहे का.

मोठ्या कंपनीला आणखी एक प्रश्न लेखी विचारायचा : मध्येच बंद केलं तर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळतात का, आणि कसे मोजून? वापरलेले महिने सवलतीच्या दराने न धरता मूळ मासिक दराने धरले जातात आणि फुकटचे महिने मोजलेच जात नाहीत, असं असू शकतं. काही ठिकाणी काहीच परत मिळत नाही. वरच्या हिशोबात मी काहीच मिळणार नाही असं धरलंय.

पायरी चौथी : हप्त्यावरच्या राउटरकडे नीट बघा

या तुलनेत सगळ्यात जास्त हलणारा आकडा राउटरचा आहे, म्हणून इथे वेळ द्यायला हरकत नाही.

केबलवाल्याचा माणूस म्हणाला होता, “ताई, पैसे हप्त्यानं द्या, वर्षानं राउटर तुमचाच.” तुमचाच म्हणजे तो पुढच्या घरी चालेल का? हे ओळखायची खूण अगदी साधी आहे. खोक्याच्या मागे कुठली वायर जाते ते पाहायचं. पातळ फायबरची निळी किंवा हिरवी टोपीवाली पिन थेट त्यात जात असेल, तर तो नुसता राउटर नाही; प्रकाशाचा सिग्नल नेटमध्ये बदलणारा ओएनयू आणि वाय-फाय एकाच डब्यात बसवलेले आहेत. असा डबा सहसा त्याच कंपनीच्या जाळ्याला जोडलेला असतो आणि दुसऱ्याकडे बहुतेक वेळा चालत नाही. वर्षभराने तो तुमचा झाला तरी त्याची किंमत शून्य. याउलट फायबर एका छोट्या वेगळ्या डबीत जात असेल आणि तिथून जाड टोकाची साधी लॅन केबल राउटरमध्ये येत असेल, तर तो राउटर कुठेही चालतो. तो पुढच्या घरी नेता येतो किंवा विकता येतो.

राउटर वेगळा निघाला असता आणि वर्षभराने त्याचे ८०० रुपये आले असते, तर केबलवाल्याचा खर्च ९६९ वरून ८९६ वर आला असता, म्हणजे मोठ्या कंपनीइतकाच. भाचीच्या बाबतीत तो एकत्र डबा निघाला. म्हणून ९६९ च खरे.

मग तिने विचारलं, “दादा, राउटर आमचा वापरला तर?” तो तयार झाला; साधी ओएनयूची डबी ५०० रुपये डिपॉझिटवर द्यायची आणि राउटर यांनी आणायचा. तिच्या मैत्रिणीच्या घरी एक ड्युअल बँड, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हींवर चालणारा राउटर पडून होता. तो वापरायचा ठरला की २,४०० रुपये हिशोबातून गेले : ८,२६० भागिले अकरा, महिन्याला ७५१ रुपये. जाहिरातीतली कुठलीही सूट इतका फरक पाडत नव्हती.

जुना राउटर वापरताना दोन गोष्टी तपासा. खोक्यावर किंवा खालच्या स्टिकरवर फक्त २.४ गिगाहर्ट्झ लिहिलं असेल, ज्यांच्या नावात सहसा एन३०० असं असतं, तर शेजारच्या दहा वाय-फायच्या गर्दीत १०० एमबीपीएस तुमच्या फोनपर्यंत पोचणार नाहीत. आणि राउटरची वॅन आणि लॅन पोर्ट १०० एमबीपीएसची असतील, तर प्रत्यक्ष वेग ९५ च्या आसपास अडतो. १०० च्या प्लॅनला ते चालतं, १५० च्या प्लॅनला तुम्ही न वापरलेल्या वेगाचे पैसे भरता. स्थानिक कनेक्शनला बहुधा पीपीपीओईचं युजरनेम आणि पासवर्ड राउटरमध्ये घालावं लागतं. तंत्रज्ञ असतानाच ते लिहून घ्या, नाहीतर राउटर रीसेट झाला की दर वेळी त्यालाच बोलवावं लागेल.

घरी राउटर नसेल तर हप्ता आणि दुकान यांची तुलना करा. तपकीर गल्लीत चौकशी केली आणि तसाच राउटर, समजा, १,७०० ला मिळाला, तर हप्त्याचे वरचे ७०० रुपये ही उधारीची किंमत झाली. तेवढ्या पैशांत केबलवाल्याचं जवळपास एका महिन्याचं बिल भरलं जातं.

पायरी पाचवी : घर बदललं तर कनेक्शन बरोबर येतं का

अकरा महिन्यांनी तुम्ही पुणे सोडणार नसाल, फक्त घर बदलणार असाल, तर मोठ्या कंपनीचे दोन फुकट महिने पुन्हा जिवंत होतात. वाकडहून बाणेरला गेलात आणि तिथे त्यांची फायबर असेल, तर कनेक्शन शिफ्ट होतं. शिफ्टिंगचे कर धरून ५९० रुपये लागले असं मानलं, तर १०,५०२ भागिले चौदा, महिन्याला ७५० रुपये. केबलवाल्याचं जाळं मात्र त्याच्या भागापुरतं असतं. तुम्ही हडपसरला गेलात की तिथे नवा केबलवाला आणि नवं इन्स्टॉलेशन.

गंमत म्हणजे भाचीच्या दोन पर्यायांचा खर्च इथे येऊन जुळला : स्वतःचा राउटर घेऊन केबलवाला ७५१, आणि शिफ्ट झालं तर मोठी कंपनी ७५०. फक्त दुसऱ्या आकड्यात एक ‘झालं तर’ आहे. पुढच्या घरी त्यांची लाइन असेल की नाही, सोसायटी त्यांना आत येऊ देईल की नाही, हे आज कोणी सांगू शकत नाही. बऱ्याच सोसायट्यांत एक-दोनच ऑपरेटर असतात. तिने केबलवाला घेतला. दहा हजार रुपये एकदम अडकवायचे नव्हते, आणि वाईट निघालं तर महिन्याच्या शेवटी सोडता येतं. मलाही तो निर्णय पटला. १५० एमबीपीएस दोघींना नकोच होते.

घेण्याआधी तिने एक चांगलं काम केलं : त्याच विंगमधल्या तीन घरांत जाऊन विचारलं की नेट जातं तेव्हा किती वेळ जातं. रस्ते खोदले की केबल तुटतात, झाडांवरून आणि खांबांवरून लोंबणाऱ्या वायरी महापालिका कापते, हे पुण्यात नवीन नाही. वर्क फ्रॉम होम असलेल्या माणसाचं नेट महिन्यात दोनदा दिवसभर गेलं आणि त्याला मोबाइलचा डेटा पॅक मारावा लागला, तर ते पैसेही याच बेरजेत येतात.

मोबाइल प्लॅनला हीच रीत लावताना

इथे महिना सुद्धा खरा नसतो. २८ दिवसांचा २९९ चा प्रीपेड प्लॅन वर्षात तेरा वेळा भरावा लागतो. ३,८८७ भागिले बारा, म्हणजे महिन्याला ३२४. प्रीपेडच्या किमतीत कर धरलेला असतो, पोस्टपेडच्या भाड्यावर तो वेगळा लागतो. त्यामुळे २९९ चं पोस्टपेड भाडं ३५३ होतं. दोन्हींवर २९९ च छापलेलं असलं तरी अंतर २९ रुपयांचं आहे, आणि ८४ दिवसांचा प्लॅन असेल तर किमतीला ८४ ने भागून ३६५ ने गुणायचं, मग बाराने भागायचं. दूरसंचार नियामक ट्रायने २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला तीस दिवसांचा किमान एक आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला रिचार्ज होणारा किमान एक प्लॅन ठेवायला लावला आहे. ॲपमध्ये तो शोधला की तुलना सोपी होते.

प्लॅनबरोबर फोन हप्त्यावर घेत असाल तर पूर्ण हप्ता प्लॅनच्या खर्चात घालू नका. फोन तुम्ही कसाही घेणारच होता; प्लॅनमुळे त्यावर जे जास्त गेलं तेवढंच मोजायचं. समजा फोन १८,००० चा, क्रेडिट कार्डावर ‘नो कॉस्ट’ बारा हप्ते दीड-दीड हजाराचे. तोच रोखीने घेतला तर १,५०० रुपये सूट होती, ती गेली. बँकेची प्रोसेसिंग फी १९९ आणि कर, म्हणजे २३५. आणि ‘नो कॉस्ट’मध्ये व्याज असतंच, ते फक्त किमतीतून आधी वजा केलेलं असतं, त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी मात्र तुमच्याकडून घेतला जातो. दरसाल १५ टक्के धरले तर व्याज साधारण १,३८० आणि त्यावरचा कर २५० च्या आसपास. गेलेली सूट, फी आणि हा कर मिळून दोन हजाराला थोडे कमी, म्हणजे महिन्याला १६५ रुपये. प्लॅनच्या खऱ्या महिन्याला हे १६५ जोडा आणि मग दुसऱ्या प्लॅनशी लावून पाहा.

बंद करतानाचे पैसे

आतापर्यंतचा सगळा हिशोब डिपॉझिट परत येईल या भरवशावर आहे, म्हणून कनेक्शन बंद करण्याची तयारी घेतानाच करायची. डिपॉझिटची पावती वेगळी मागा. ‘ॲडव्हान्स’ असं लिहिलेली पावती चालवून घेऊ नका, ते पैसे बिलात वळते होतात. राउटर आणि डबीचा सिरियल नंबर, ॲडॅप्टरसकट, पहिल्याच दिवशी फोटो काढून ठेवा. घर सोडण्याच्या निदान पंधरा दिवस आधी बंद करण्याची विनंती ॲपवरून किंवा ईमेलने करा, फोनवर केली तर डॉकेट नंबर लिहून घ्या. आणि डबा घ्यायला माणूस आला की कागदावर नाही तर निदान व्हॉट्सॲपवर ‘उपकरण मिळालं’ एवढं लिहून घेतल्याशिवाय तो हातात देऊ नका. घरमालकाकडून तुमचं स्वतःचं डिपॉझिट घ्यायच्या गडबडीत हे राहून जातं, आणि मग दोन महिन्यांनी न परत केलेल्या राउटरचं बिल जुन्या पत्त्यावर जाऊन पडतं.